राजीनाम्यातली एक तारीख

माझ्या राजीनाम्याचा पहिला मसुदा अडीच पानांचा होता. सुट्टीच्या दुपारी एका बैठकीत मी तो लिहून काढला होता आणि लिहून झाल्यावर मन हलके झाले होते. सात वर्षे ज्या सर्जिकल वॉर्डमध्ये काम केले, तिथली माणसे, तिथल्या रात्री, तिथे झालेला मनस्ताप, तिथे मिळालेली माया, हे सगळे त्यात होते. पुढे शिकायला का जायचे आहे, याचे एक पूर्ण पान होते. हे पत्र मी ज्या सिस्टरना दाखवले, त्यांच्या हाताखाली मी पहिली दोन वर्षे काम शिकले होते. त्या आता दुसऱ्या वॉर्डमध्ये असल्याने माझ्या जाण्या-राहण्याशी त्यांच्या ड्यूटी लिस्टचा संबंध नव्हता, म्हणूनच मी त्यांच्याकडे गेले होते.

त्यांनी ती अडीच पाने शांतपणे वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "हे पत्र तू नर्सेस नोट म्हणून लिहिलं असतंस, तर यातलं काय काय ठेवलं असतंस?"

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला कदाचित विचित्र वाटेल, पण आमच्या कामात त्याला नेमका अर्थ आहे. पेशंटच्या फाइलमध्ये सिस्टर जी नोंद करते, तिची शिस्त पहिल्या वर्षापासून अंगात मुरवलेली असते. वेळ आणि तारीख घालायची. पाहिले ते लिहायचे, वाटले ते नाही. म्हणजे "पेशंट अस्वस्थ वाटतो" असे न लिहिता "पेशंट वारंवार उठून बसतो, नाडी 112" असे लिहायचे. जे केले ते लिहायचे, कारण जे लिहिलेले नाही ते झालेच नाही असे धरले जाते. चूक झाली तर खोडरबर किंवा व्हाइटनर न वापरता एक सरळ रेघ मारून शेजारी सही करायची, म्हणजे खाली काय होते ते वाचता येते. आणि शेवटी सही अशी करायची की उद्या कोणी विचारले तर आपल्याला ओळखता आली पाहिजे. माझ्या अडीच पानांना हा नियम लावला तर काय उरते, ते मी तिथेच बसून पेन्सिलने खुणा करत पाहिले. जेमतेम आठ ओळी उरत होत्या.

सगळ्यात जास्त जिवावर आले ते शिकण्याचे कारण सांगणारे पान काढताना. ते पान एका रात्रीबद्दल होते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी असलेले एक वयस्क गृहस्थ माझ्याकडच्या एका बेडवर होते. त्यांच्या चार्टवर चार-चार तासांनी घेतलेल्या नोंदी होत्या आणि श्वासाच्या रकान्यात ओळीने 20, 20, 20, 20 असे आकडे होते. त्यातले दोन माझ्याच अक्षरातले होते. रात्री दोनच्या फेरीला मी त्यांच्या पायाशी उभी राहिले तेव्हा त्यांनी काही तक्रार केली नाही, पण एकेक शब्दानंतर थांबून त्यांनी पाणी मागितले. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, म्हणजे नाडी पाहते आहे असे त्यांना वाटावे. आपला श्वास कोणी मोजते आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो. मग मी घड्याळाकडे पाहत छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजली. ती 28 भरली. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन 96 टक्के होता, रक्तदाब चांगला होता, ताप नव्हता.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ऑक्सिजन विचारला, रक्तदाब विचारला आणि सकाळी पाहू म्हणाले. मी एवढेच म्हणू शकले की, "सर, मला पेशंट बरे वाटत नाहीत." हे वाक्य बोलताना मला स्वतःलाच ते किती पोकळ आहे ते कळत होते. वीस मिनिटांनी मी पुन्हा मोजले, पुन्हा फोन केला, त्या वेळी आकडा सांगितला आणि आपण येऊन पाहा असा आग्रह धरला. डॉक्टर आले. पहाटे त्या गृहस्थांना आयसीयूमध्ये हलवले. न्यूमोनिया होता. ते बरे होऊन चालत घरी गेले, म्हणून मी ही गोष्ट सांगू शकते आहे.

पुढे काही महिन्यांनी मला कळले की, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने 2012 मध्ये प्रकृती ढासळण्याची पूर्वसूचना देणारी एक गुणपद्धती आखली आणि 2017 मध्ये ती सुधारली. तिच्यात मिनिटाला 12 ते 20 श्वासांना शून्य गुण आहेत आणि 25 किंवा त्याहून जास्त श्वासांना तीन. कोणत्याही एकाच मोजमापाला तीन गुण मिळणे हीच गोष्ट पेशंटला तातडीने पाहायला बोलावण्यास पुरेशी धरलेली आहे. म्हणजे मी खरा आकडा मोजला नसता, तर त्या रात्रीच्या चार्टवर 20 ला शून्य, ऑक्सिजनला शून्य, रक्तदाबाला शून्य असेच पडले असते, आणि चार्ट पाहणाऱ्याला ते गृहस्थ ठीक वाटले असते. श्वासाचा आकडा आपण अंदाजाने का टाकतो, पूर्ण मिनिट मोजायला नेमका कशाने अडथळा येतो, आणि फोनवर दोन वाक्यांत डॉक्टरांना पटेल असे सांगायला सिस्टर कुठे शिकते, हे प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेले नाहीत. ते घेऊनच मी प्रवेश परीक्षेला बसले. हे सगळे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते.

सिस्टर म्हणाल्या, "हे प्रवेशाच्या मुलाखतीत सांग. राजीनाम्यात हा पेशंट येता कामा नये." त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी नाव लिहिले नव्हते, पण बेड क्रमांक, शस्त्रक्रिया आणि महिना लिहिला होता, आणि एवढ्यावरून वॉर्डमधल्या कोणालाही माणूस ओळखता आला असता. राजीनाम्याचे पत्र कार्यालयातल्या फाइलमध्ये जाते. ते टंकलेखक वाचतो, हिशेब विभाग वाचतो, पुढे कधी चौकशी झाली तर अनोळखी माणसे वाचतात. पेशंटची माहिती जिथे जायची गरज नाही, तिथे ती नेण्याचा अधिकार मला नोकरीत असताना नव्हता आणि नोकरी सोडतानाही नाही. त्याच संध्याकाळी मी माझी खिशातली वही उघडली आणि बेड क्रमांक असलेली सगळी पाने वॉर्डच्या श्रेडरमध्ये घातली. वहीत शिल्लक राहिले ते फक्त प्रश्न.

पहिल्या मसुद्यातल्या तक्रारीच्या भागाचे काय करायचे, हा पुढचा मुद्दा होता. दोन सिस्टर असायला हव्या होत्या अशा काही रात्री मी एकटीने काढल्या होत्या, आणि त्याबद्दल मी अर्धे पान लिहिले होते. त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते, तरीही ते तिथे असणे चुकीचे होते. राजीनाम्यात तक्रार घातली की कारण कोणते, शिक्षण की तक्रार, हे वाचणाऱ्याला कळेनासे होते. दोन्ही कारणे एकमेकांना कमकुवत करतात. सिस्टरनी सुचवल्याप्रमाणे मी त्या रात्रींची वेगळी नोंद केली: तीन तारखा, त्या रात्रीची पेशंटची संख्या, हजर सिस्टरची संख्या, आणि त्या रात्री उशिरा दिल्या गेलेल्या औषधांच्या वेळा. त्यात एकही विशेषण नव्हते. ते पत्र मी राजीनाम्याच्या आधी स्वतंत्रपणे मेट्रन मॅडमकडे, म्हणजे अधिसेविकांकडे, दिले. मी निघेपर्यंत त्याला लेखी उत्तर आले नव्हते. पण ते पत्र आवक क्रमांकासह तिथे आहे, आणि राजीनाम्याच्या तळाशी रुसव्यासारखे पडून राहण्यापेक्षा त्याचे तसे असणे मला जास्त योग्य वाटते.

राजीनामा लिहिण्याआधी विचारायची एक गोष्ट असते, आणि ती माझ्याकडून राहून जाणार होती. काही ठिकाणी कायम सेवेतल्या सिस्टरना अभ्यासासाठी रजा मिळते. तशी रजा मिळत असेल तर सेवा खंडित होत नाही आणि शिकून परत यायची जागा राहते. एकदा राजीनामा स्वीकारला गेला की ती वाट बंद होते. मी चौकशी केली. माझी नेमणूक कराराची असल्याने मला ती रजा लागू नव्हती. उत्तर नाही असेच आले, तरी ते विचारून घेतल्यामुळे पत्र लिहिताना मनात "कदाचित" राहिले नाही. दुसरी घाई मी जवळजवळ करून बसले होते. गुणवत्ता यादीत नाव दिसल्याच्या दिवशीच मला राजीनामा द्यायचा होता. यादीत नाव येणे म्हणजे प्रवेश नव्हे. कागदपत्रांची तपासणी होऊन शुल्क भरल्याची पावती आणि वर्ग सुरू होण्याची तारीख असलेले पत्र हातात आल्यावरच मी राजीनाम्याला हात घातला. मधल्या अकरा दिवसांत मी कोणालाही काही बोलले नाही, हे सोपे नव्हते.

आता तारखांचा हिशेब. नियुक्तिपत्रात 30 दिवसांची लेखी सूचना द्यावी असे होते. वर्ग 1 ऑगस्टला सुरू होणार होते, आणि त्याआधी 28 जुलैला महाविद्यालयात मूळ कागदपत्रांची पडताळणी होती. त्या दिवशी पूर्वीच्या ठिकाणाहून कार्यमुक्त झाल्याचे पत्र दाखवल्याशिवाय प्रवेश पक्का धरला जाणार नव्हता. कार्यालयाला पत्र तयार करायला दोन-तीन दिवस लागतात हे धरून मी 24 जून ही तारीख ठरवली. पत्र देण्याचा दिवस सोडून 25 जूनपासून मोजले तर जूनचे सहा आणि जुलैचे चोवीस असे 30 दिवस 24 जुलैला पूर्ण होतात. यात साप्ताहिक सुट्ट्याही मोजल्या जातात. शिल्लक रजा या दिवसांत वापरता येते का, हे प्रत्येक ठिकाणच्या नियमावर असते. आमच्याकडे ती परवानगीशिवाय चालत नसल्याने मी रजेचा आधार घेतलाच नाही.

मी "24 जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल" असे लिहिले होते. सिस्टरनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "नाइट लागली तर?"

दिवसपाळीत काम करणाऱ्या माणसाच्या मनात हा प्रश्न येणारच नाही. आमची रात्रपाळी रात्री आठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला संपते. 24 तारखेची नाइट म्हणजे तिचे आठ तास 25 तारखेत असतात. त्या आठ तासांत मी इंजेक्शने देणार, सलाइन बदलणार, नोंदी करणार आणि प्रत्येक नोंदीखाली 25 जुलै ही तारीख घालून सही करणार. माझी सेवा कागदावर 24 जुलैला संपलेली असेल, तर त्या सह्या कोणाच्या? जुलैची ड्यूटी लिस्ट जूनअखेरीला लागायची होती, त्यामुळे मला कोणती पाळी येईल ते तेव्हा माहीत नव्हते. म्हणून पत्रात दोन्ही शक्यता लिहायच्या असे ठरले. शेवटी जे पत्र तयार झाले ते असे:

दिनांक : 24 जून

प्रति,
मा. अधिसेविका

मार्फत : मा. परिसेविका, सर्जिकल वॉर्ड

विषय : उच्च शिक्षणासाठी अधिपरिचारिका पदाचा राजीनामा

महोदया,

मी सर्जिकल वॉर्डमध्ये गेली सात वर्षे अधिपरिचारिका म्हणून कार्यरत आहे. नर्सिंगमधील पदव्युत्तर अभ्यासक्रमास माझा प्रवेश निश्चित झाला असून त्याचे वर्ग 1 ऑगस्ट रोजी सुरू होत आहेत. या कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.

नियुक्तिपत्रातील अटीनुसार 30 दिवसांची सूचना मी या पत्राद्वारे देत असून ती 24 जुलै रोजी पूर्ण होते. त्या दिवशी मला नेमून दिलेली पाळी पूर्ण करून मी कार्यमुक्त होईन. ती रात्रपाळी असल्यास 25 जुलै रोजी सकाळी पाळी संपेपर्यंत मला सेवेत समजावे.

इमर्जन्सी ट्रॉलीच्या तपासणीची नोंदवही आणि नवीन सिस्टरच्या प्रशिक्षणाची फाइल माझ्याकडे आहे. आपण नेमाल त्या व्यक्तीकडे मी त्या 20 जुलैपर्यंत सह्यांनिशी सोपवीन.

28 जुलै रोजी महाविद्यालयात कागदपत्रांची पडताळणी असल्याने कार्यमुक्तीचे पत्र व अनुभव प्रमाणपत्र 27 जुलैपर्यंत मिळावे, ही विनंती.

येथे मला जे शिकायला मिळाले त्याबद्दल मी सर्वांची मनापासून आभारी आहे. माझा राजीनामा स्वीकारावा, ही विनंती.

आपली विश्वासू,

यातल्या एका क्रियापदावर आमचे बराच वेळ बोलणे झाले होते. मी आधी "राजीनामा देऊ इच्छिते" असे लिहिले होते, कारण ते नम्र वाटते. पण इच्छा व्यक्त करणे म्हणजे राजीनामा देणे नव्हे. कोणी असेही म्हणू शकते की, यांनी फक्त मनोदय कळवला होता, सूचनेचे दिवस अजून सुरूच झालेले नाहीत. "देत आहे" या शब्दांनी ती शंका राहत नाही. नम्रता शेवटच्या विनंतीत येतेच, तिला क्रियापदात घालायची गरज नसते.

पत्र मी 24 जूनला दुपारची पाळी सुरू होण्याआधी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना, म्हणजे पत्रातल्या परिसेविकांना, दिले. दोन प्रती नेल्या होत्या. दुसऱ्या प्रतीवर त्यांनी "मिळाले" असे लिहून सही आणि तारीख घातली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आणि काळजी दोन्ही दिसत होते. माझ्यासारखी जुनी सिस्टर गेली की महिन्याभराची लिस्ट लावणे किती अवघड होते, ते मला माहीत होते. त्या म्हणाल्या, "बघू, मॅडमशी बोलते." मी ती पोच घरी नेऊन फाइलमध्ये लावली आणि निश्चिंत झाले.

5 जुलैला कार्यालयातून निरोप आला की, तुमचा राजीनामा 3 जुलैला मिळाला असून 30 दिवस 2 ऑगस्टला पूर्ण होतील. मी तो निरोप तीनदा वाचला. वर्ग 1 ऑगस्टला होते आणि पडताळणी 28 जुलैला. इन्चार्ज सिस्टरना विचारल्यावर त्या ओशाळल्या. मी मन बदलेन, एक सत्र पुढे ढकलेन, या आशेने त्यांनी पत्र नऊ दिवस ड्रॉवरमध्ये ठेवले होते. त्यात दुष्टावा नव्हता. वॉर्डमध्ये त्या महिन्यात दोघी बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि लिस्ट त्यांनाच लावायची होती. पण त्या नऊ दिवसांनी माझे वर्ष गेले असते.

त्या रात्री मी नियुक्तिपत्र पुन्हा वाचायला घेतले. सात वर्षांपूर्वी सही करताना वाचले होते तेवढेच. त्यात लिहिले होते की, सूचना "विभागीय प्रमुखांमार्फत" द्यावी. त्या एका शब्दावर माझे सगळे अवलंबून होते. पत्र ज्या व्यक्तीमार्फत द्यायचे आहे असे नियमच सांगतो, त्या व्यक्तीकडे ते दिले तेव्हाच मी माझ्याकडून सूचना दिलेली असते. ते पुढे किती दिवसांनी पोहोचते, हे माझ्या हातात नसते. दुसऱ्या दिवशी मी पोचेची छायाप्रत आणि नियुक्तिपत्रातल्या त्या कलमाची छायाप्रत जोडून चार ओळींचा अर्ज कार्यालयात दिला. मी घाबरलेले होते, पण अर्जात मी तसे काही लिहिले नाही. आणि इन्चार्ज सिस्टरनी जे केले ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी स्वतःहून त्या अर्जावर "पत्र मला 24 जून रोजी मिळाले, माझ्याकडून पाठवण्यास विलंब झाला" असे लिहून सही केली. स्वतःच्या चुकीवर एक सरळ रेघ मारून शेजारी सही करणे मी त्या दिवशी एका वरिष्ठ सिस्टरला करताना पाहिले. तीन दिवसांत 24 जुलै ही तारीख मान्य झाली.

जुलैच्या लिस्टमध्ये शेवटच्या आठवड्यात मला नाइट होत्या. 24 तारखेलाही नाइटच होती.

नोंदवही आणि फाइल मी 19 तारखेला सोपवली. ट्रॉलीची नोंदवही सोपवणे सोपे होते. ट्रॉली उघडून यादीप्रमाणे प्रत्येक वस्तू, प्रत्येक औषधाची मुदत दोघींनी पाहिली, घशात पाहायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून पाहिला, सीलचा क्रमांक लिहिला आणि सह्या केल्या. प्रशिक्षणाची फाइल देणे जास्त अवघड होते. नवीन सिस्टरच्या फाइलमध्ये तिने कोणती कामे माझ्या देखरेखीखाली किती वेळा केली, आणि कोणते काम ती आता एकटी करू शकते, याच्या नोंदी होत्या. रक्त चढवण्याच्या रकान्यात माझी सही अजून नव्हती. तिने ते काम दोनदा केले होते आणि तीनदा पाहायचा नियम होता. जाताना सगळे रकाने भरलेले असावेत असे मला फार वाटत होते, तिलाही वाटत होते. पण तिसरी वेळ आलीच नव्हती. मी तो रकाना रिकामा ठेवला आणि पुढच्या सिस्टरना तो दाखवून दिला.

शेवटच्या रात्री वॉर्ड शांत होता. सव्वादोनला एका पेशंटला वेदना असह्य झाल्या आणि डॉक्टरांनी 6 मिलिग्रॅम मॉर्फिन लिहून दिले. आमच्याकडच्या एका अँप्यूलमध्ये 10 मिलिग्रॅम असते, त्यामुळे उरलेले 4 मिलिग्रॅम दुसऱ्या सिस्टरसमोर टाकून द्यावे लागते आणि तसे नोंदवावे लागते. माझ्याबरोबर ती नवीन सिस्टरच होती. कपाट उघडून आम्ही मोजले. रजिस्टरवर शिल्लक नऊ, कपाटात नऊ. एक काढले, शिल्लक आठ. औषध दिले, उरलेले तिच्या डोळ्यांसमोर टाकले. रजिस्टरमध्ये मी वेळ लिहिली, दिलेले 6, टाकलेले 4, शिल्लक अँप्यूल आठ, आणि तारीख लिहिताना हात क्षणभर थांबला. 25 जुलै. खाली माझी सही, शेजारी तिची. सकाळी आठला ओव्हर देताना, म्हणजे वॉर्ड पुढच्या पाळीकडे सोपवताना, दिवसाच्या सिस्टरबरोबर पुन्हा मोजले, आठ भरले, आणि किल्ल्या तिच्या हातात दिल्या.

27 तारखेला कार्यमुक्तीचे पत्र घ्यायला गेले तर त्यात "दि. 24 जुलै रोजी कार्यालयीन वेळेनंतर कार्यमुक्त" असे छापलेले होते. संगणकातला ठरलेला मजकूर तसाच आहे, असे लिपिकांनी सांगितले. फरक एका दिवसाचाच आहे, महाविद्यालय तेवढे पाहत नाही, घेऊन जा, असेही ते आपुलकीने म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर रजिस्टरची ती ओळ होती. या पत्राप्रमाणे, सव्वादोनला ज्या बाईने मॉर्फिन दिले आणि टाकून दिले, ती त्या वेळी तिथे नोकरीत नव्हती. वर्षभराने कोणी ते रजिस्टर तपासले तर प्रश्न मला तर विचारला जाईलच, पण माझ्या शेजारी सही करणाऱ्या त्या मुलीलाही विचारला जाईल, आणि उत्तर द्यायला मी तिथे नसेन.

मी त्यांना माझ्या राजीनाम्यातले वाक्य दाखवले. रजिस्टरची प्रत काढून आणणे मला शक्य नव्हते आणि ते योग्यही झाले नसते, म्हणून मी फक्त पान क्रमांक आणि वेळ सांगितली. त्यांनी वॉर्डमध्ये फोन लावला. इन्चार्ज सिस्टरच फोनवर होत्या. त्यांनी रजिस्टर उघडून ओळ वाचून दाखवली. लिपिकांनी ते पत्र फाडले नाही, त्यावर "रद्द" असा शिक्का मारून फाइलला लावले आणि नवीन टाइप केले. "दि. 25 जुलै रोजी सकाळी 8 वाजता रात्रपाळी पूर्ण केल्यानंतर कार्यमुक्त." अनुभव प्रमाणपत्रातही तीच तारीख घातली. मेट्रन मॅडमची सही व्हायला दुपारचे चार वाजले.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या खिडकीवरच्या बाईंनी ते पत्र घेतले, तारखेवर बोट ठेवून 1 ऑगस्टच्या आधीची आहे एवढे पाहिले, आपल्या यादीत बरोबरची खूण केली आणि पुढचा कागद मागितला.